'काले'चं 'काळे' होतं तेव्हा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलीला पहिलं बक्षीस मिळालं आणि बातमीत तिचं आडनाव 'काळे' असं छापून आलं. तिचं आडनाव काले आहे. शाळेचा पत्रव्यवहार बरीच वर्षं माझ्याकडे असल्यामुळे संपादकांना पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडेच आलं.

अशी चूक बहुतेक वेळा बातमीदाराच्या हातून होत नाही, ती यादीतून येते. संयोजकांनी वर्तमानपत्रांना पाठवलेली विजेत्यांची यादी इंग्रजीत होती. रोमन लिपीत ल आणि ळ एकाच अक्षराने लिहितात. त्यामुळे Kale हे नाव देवनागरीत आणताना उपसंपादकाच्या बोटांखाली सवयीचं 'काळे'च आलं. 'कालेे' असं दोन मात्रांचं काही छापलं गेलं असतं, तर वाचणाऱ्याने ती छपाईची चूक म्हणून सोडून दिली असती. इथे मात्र छापलेलं आडनाव पूर्ण शुद्ध आणि प्रचलित होतं. कुणालाही शंका येण्याचं कारण नव्हतं. बक्षीस सरळ दुसऱ्याच घरात गेलं होतं.

मुलीच्या वडिलांनी लिहून आणलेलं पत्र मी वाचलं. त्यात दु:ख होतं, राग होता आणि 'आपल्यासारख्या जबाबदार वर्तमानपत्राकडून ही अपेक्षा नव्हती' असंही होतं. त्यांचा राग मला पूर्ण पटला. पण त्या दोन पानांत बातमी कोणत्या तारखेची, कोणत्या आवृत्तीतली आणि कितव्या पानावरची, हे कुठेच नव्हतं. जिल्ह्याच्या आणि शहराच्या आवृत्तीत पानं वेगळी असतात. हा पत्ता नसेल तर कार्यालयात बसलेल्या माणसाला बातमी सापडत नाही आणि न सापडलेली बातमी दुरुस्त होत नाही. म्हणून विषयाच्या ओळीखाली पहिल्या वाक्यातच दिनांक, आवृत्ती, पान आणि मथळा लिहिला. कात्रणाची प्रत जोडून त्यावर चुकलेल्या शब्दाभोवती खूण केली.

पुढचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'काळे याऐवजी काले असे वाचावे' एवढंच लिहून भागत नाही. मुद्रितशोधकाची नजर तयार असते आणि 'काले' दिसलं की तो ते टायपाची चूक समजून पुन्हा 'काळे' करून टाकेल. मग दुरुस्तीतच तीच चूक छापून येईल. म्हणून मी स्पष्ट लिहिलं: 'हे आडनाव ल या अक्षरानेच लिहिले जाते, कृपया ळ करू नये.' सोबत शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा जोडला. पत्र शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने गेलं. पालकांचं म्हणणं खरंच असतं, पण नाव कसं लिहायचं याचा लेखी पुरावा शाळेकडे असतो आणि संपादकाला तोच हवा असतो.

मग दुरुस्तीचा मजकूरही मीच लिहून दिला. दुरुस्ती वाचणाऱ्यांतल्या अनेकांनी मूळ बातमी पाहिलेलीच नसते. केवळ 'आडनाव काले असे वाचावे' छापलं तर मुलीच्या यशाचा पत्ताच लागत नाही. म्हणून मजकुरात तिचं पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, प्रदर्शन आणि पहिला क्रमांक हे सगळं पुन्हा आणलं, पण तीन ओळींत. त्याहून लांब मजकूर पानात बसत नाही आणि जागेसाठी कापला गेला तर नेमकं काय कापलं जाईल हे आपल्या हातात राहत नाही. चुकीचं नाव त्यात एकदाच घेतलं, तेही शेवटी.

वडिलांचा आग्रह होता की माफी मागायला लावा. मी त्यांना सांगितलं, ती मागणी घातली की पत्र वरिष्ठांकडे जातं, तिथे थांबतं आणि मुलीचं नाव आणखी लांबतं. ठळक दुरुस्ती तातडीने छापावी, असं भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहेच. दाद मागायची वेळ आलीच, तर आधी संपादकांना लेखी कळवलेलं असावं लागतं. तेव्हा आपलं हे पत्र तिथेही उपयोगी पडणार होतं. त्यांना ते पटलं, पूर्ण नाही, पण पटलं.

त्याच पानावर, त्याच आवृत्तीत दुरुस्ती आली. 'ल' जागेवर होता. ई-पेपरचं जुनं पान मात्र तसंच राहतं, कारण ते छापील पानाचं चित्र असतं. संकेतस्थळावरची बातमी बदलता येते आणि तिच्यासाठी पत्रात वेगळी विनंती केली नाही तर ती राहूनच जाते. आम्ही केली होती, बातमी बदलली गेली. आता दोन्ही कात्रणं आणि पत्राची स्थळप्रत मुलीच्या वडिलांकडे एकत्र टाचून दिली आहेत. पुढे कुठल्या अर्जाला कात्रण जोडायचं झालं तर पहिलं एकटं जोडू नका, एवढं त्यांना बजावलं आहे.