फिर्याद, दोषारोपपत्र, निकाल : तीन नकला

नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात ॲट्रॉसिटीची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला पक्षकाराच्या पिशवीत काय निघेल याचा अंदाज असतो. आधारकार्ड, रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, घड्या पडून फाटलेली एफआयआरची झेरॉक्स. दोषारोपपत्र बहुधा नसतंच. खटला संपला असेल तर निकालाचं एखादं पान कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं असतं. त्यामुळे या जिल्ह्यात फिर्यादीच्या बाजूने उभं राहण्याचं काम युक्तिवादाच्या कितीतरी आधी, नकलांपासून सुरू होतं.

2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातल्या दर दहा माणसांपैकी जवळपास सात अनुसूचित जमातींचे आहेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा, त्याचे नियम 1995 चे. या नियमांच्या परिशिष्टात पीडिताला मिळणारी आर्थिक मदत गुन्ह्यागणिक ठरवून दिली आहे आणि ती हप्त्यांनी मिळते. सार्वजनिक ठिकाणी जातीवरून हेतुपुरस्सर अपमान केल्याचा, म्हणजे कलम 3(1)(r) चा गुन्हा असेल, तर 2016 च्या सुधारणेनंतर रक्कम एक लाख रुपये आहे. एफआयआर नोंदली की 25 टक्के, दोषारोपपत्र न्यायालयात गेलं की 50 टक्के, आरोपीला शिक्षा झाली की उरलेले 25 टक्के. तीन टप्पे आणि प्रत्येकाचा पुरावा म्हणून एक कागद. एका कागदाचं काम दुसरा करत नाही.

समजा, अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची पावरा बाई शहाद्याकडे पपईच्या तोडणीला आली. मजुरीचा हिशेब मागताना मालकाने जातीवरून शिवीगाळ केली, ढकललं, मारलं. मालक आदिवासी नाही. ती पोलीस ठाण्यात पोहोचते आणि पावरीत सांगते; ठाण्यात ते मराठीत उतरतं. पुढचा सगळा खटला त्या मराठी मजकुरावर उभा राहतो.

म्हणून एफआयआरची पहिली प्रत हातात पडली की अनुभवी वकील आधी गुन्ह्याचा नंबर बघत नाही. तो बाईला मजकूर वाचून दाखवतो, तिच्या बोलीत समजावतो आणि तीन गोष्टी शोधतो. तिची जमात लिहिली आहे का? आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, हे आलं आहे का? घटना कुठे घडली आणि तिथे आणखी कोण होतं? तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे. कलम 3(1)(r) साठी अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागू झालं नाही. आता बाईने ‘बांधावर, रस्त्याच्या कडेला, बाकीच्या बाया तिथेच होत्या’ असं सांगितलं असेल आणि कागदावर नुसतं ‘शेतात’ उतरलं असेल, तर राहून गेलेली गोष्ट पुरवणी जबाबात लगेच आणता येते. वर्षभराने साक्षीच्या पिंजऱ्यात ती प्रथमच आली, तर उलटतपासात ‘नंतर सुचलेलं’ ठरते.

ही प्रत मिळवायला अर्जविनंत्यांची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला ती तिथल्या तिथे, विनामूल्य द्यायची असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 15A मध्येही तेच सांगितलं आहे. पोलिसांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली एफआयआर वाचायला पुरेशी असते. युथ बार असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर 7 सप्टेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. संपर्काची अडचण असलेल्या दुर्गम भागांसाठी ही मुदत 72 तासांपर्यंत वाढवता येते. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील गुन्ह्यांना त्यातून वगळलं आहे, त्यामुळे एफआयआर तिथे दिसली नाही म्हणून गुन्हाच नोंदला नाही असा अर्थ होत नाही. प्रमाणित प्रतीची गरज पडते ती पुढे, जेव्हा ती दुसऱ्या न्यायालयात किंवा कार्यालयात दाखल करायची असते. ठाण्यात दिलेली प्रत हरवली असेल, तरी एफआयआर दंडाधिकाऱ्यांकडेही पाठवावी लागत असल्याने न्यायालयाच्या अभिलेखात ती असते. तिथे नकलेचा अर्ज करता येतो.

दुसरा कागद सर्वांत जाड आणि सर्वांत दुर्लक्षित. अत्याचाराच्या गुन्ह्यात तपास पूर्ण करून 60 दिवसांत विशेष न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करावं आणि उशीर झाला तर त्याचं कारण लेखी द्यावं, असं कायदाच सांगतो. तरीही पाड्यावरच्या बाईला ते कधी दाखल झालं याचा पत्ता नसतो. एफआयआरसारखं ते संकेतस्थळावर सापडेल अशी काहींची समजूत असते. सौरव दास यांच्या याचिकेवर 20 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असा निर्णय दिला आणि ते सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकायला नकार दिला. ते मिळण्याचं ठिकाण न्यायालयच.

नव्या संहितेच्या कलम 230 ने इथे एक महत्त्वाचा बदल केला. आरोपीला दोषारोपपत्र आणि सोबतचे कागद विनामूल्य द्यायचे असतातच. आता पीडिताने वकील दिला असेल, तर तिलाही ते द्यायचे आहेत, आणि आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत. ‘वकील दिला असेल’ ही अट डोळ्यांआड करून चालत नाही. वकीलपत्र दाखल झालेलं नसेल तर ही वाट बंद, मग नकलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प आणि न्यायालयाचा आदेश. विनामूल्य मिळालेला संच म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे, हेही लक्षात ठेवावं लागतं. खटल्याची तयारी त्यावर होते; उच्च न्यायालयात एखादा जबाब किंवा पंचनामा लावायचा असेल, तर त्याची शिक्क्याची नक्कल वेगळी काढावी लागते.

संच हाती आला की वकील एफआयआर डावीकडे ठेवतो, दोषारोपपत्राचं पहिलं पान उजवीकडे आणि कलमं जुळवून पाहतो. आपल्या उदाहरणात एफआयआरला अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3(1)(r) सोबत भारतीय न्याय संहितेचं मारहाणीचं कलम 115(2) आणि अपमानाचं कलम 352 आहे. दोषारोपपत्रात फक्त शेवटची दोन उरली असतील, तर ‘दोषारोपपत्र गेलं’ ही बातमी खरी असूनही बाईच्या 50 हजारांच्या हप्त्याचा आधारच गेलेला असतो. समाजकल्याण कार्यालयाच्या टेबलावर ते कळण्याआधी वकिलाला कळायला हवं, कारण तपासात गोळा झालेले कागद त्या कलमाला पुरेसे आहेत, हे आरोप निश्चित होण्याआधीच न्यायालयासमोर मांडायचं असतं. कलम का गळालं याचं उत्तरही बहुतेकदा त्याच संचात मिळतं. कधी जातीचा दाखलाच जोडलेला नसतो, कधी शेजारी काम करणाऱ्या बायांचे जबाब नसतात, कधी पंचनाम्यात जागा शेताच्या आतली दाखवलेली असते. काही वेळा दोषारोपपत्राऐवजी ‘बी समरी’ गेलेली असते, म्हणजे फिर्याद खोटी असल्याचा पोलिसांचा अहवाल. त्यावर फिर्यादीला म्हणणं मांडता येतं, पण त्यासाठीही अहवालाची नक्कल हातात लागते.

तिसरा कागद निकालाचा. बातमीत फक्त ‘शिक्षा’ किंवा ‘निर्दोष’ येतं; कोणत्या कलमाखाली आणि का, हे निकालपत्रात. खैरलांजीचं उदाहरण महाराष्ट्राला आठवतं. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा आरोप सिद्ध झाल्याचं मानलं नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांची शिक्षा दिली आणि तो कायदा लागू न होण्याचा निष्कर्ष कायम ठेवला. सर्वांत कठोर शिक्षा सुनावली गेली आणि ज्या कायद्यासाठी लोक रस्त्यावर आले, तो कायदा निकालात टिकला नाही. नुसत्या ‘फाशी’ या शब्दातून हे कुणाला कळलं नसतं.

तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच, विनामूल्य मिळते. पीडिताला अर्ज करावा लागतो, आणि इथे तारखांचा हिशेब सुरू होतो. विशेष न्यायालयाच्या निकालावर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 14A खाली उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील करायचं असतं. नंदुरबारसाठी ते औरंगाबाद खंडपीठ. समजा, आरोपी 2 मार्चला सुटला. निकालाचा दिवस धरत नाहीत, म्हणून नव्वदावा दिवस 31 मे. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला आवश्यक काळ या मुदतीतून वगळला जातो. अर्ज 6 मार्चला दिला आणि नक्कल 17 मार्चला तयार झाली, तर दोन्ही दिवस धरून 12 दिवस मिळतात आणि मुदत 12 जूनपर्यंत जाते. अर्जच 20 मेला केला, तर मधले आठवडे कुणी परत देत नाही. नक्कल 17 मार्चला तयार असून ती एप्रिलच्या शेवटी नेली, तर तो उशीरही पक्षकाराच्याच माथी येतो. उशिराला सबळ कारण असेल तर उच्च न्यायालय तो माफ करू शकतं, पण मग अपिलाआधी ते कारण पटवून देण्याची लढाई लढावी लागते.

हा सगळा हिशेब नकलेवरच्या शिक्क्यात असतो : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. ई-कोर्टच्या संकेतस्थळावरून निकाल त्याच दिवशी वाचता येतो, आणि वाचावाच; पण त्या प्रतीवर हा शिक्का नसतो, म्हणून मुदतीचा हिशेब तिच्यावर मांडता येत नाही. नक्कल विभागाची खिडकी सोडण्यापूर्वी वकिलाचा कारकून तिथेच उभ्या उभ्या शिक्क्यातल्या तारखा वाचतो, पानं मोजतो, प्रत्येक पानावर शिक्का आहे का बघतो आणि पुसट पान तिथल्या तिथे बदलून मागतो. पुसट पानावर उच्च न्यायालयाच्या कार्यालयाची हरकत निघाली, तर अक्राणीतून घाट उतरून आलेल्या बाईला त्याच एका पानासाठी पुन्हा नंदुरबार गाठावं लागतं.