काळे पापुद्रे

बाबांचा पांढरा सदरा दोरीवरून काढताना पाठीवर एक काळा ठिपका दिसला. झटकला, तो गेला नाही. नखाने टोकरला, तर पसरला आणि राखी रंगाची रेघ उमटली. मग दुसरा दिसला, कॉलरजवळ तिसरा. उशीच्या अभ्य्रांवर आणि टॉवेलवर तर मोजण्याच्या पलीकडे होते. करपलेल्या दुधाच्या पातेल्याची खरवड कुणीतरी कपड्यांवर भुरभुरवावी, तसे ते पापुद्रे होते.

बाबा दोन वर्षांपासून मिरजेहून महादेवपुऱ्यात आमच्याकडे राहायला आले आहेत. पांढऱ्या कपड्यांच्या बाबतीत ते अतिशय काटेकोर. त्यांनी सदरा उलटसुलट पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून पाणी आपटल्याचा आवाज आला. पंच्याहत्तरीचे बाबा स्टुलावर बसून बादलीत आपले कपडे धूत होते. "अगं, दोनच तर आहेत," म्हणाले. ते मला जास्त लागलं.

आणि मी राग काढला तो आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या अक्कांवर. "पायपुसणी टाकलीत ना मशीनमध्ये?" असं माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं. विचारलं कसलं, ठरवूनच बोलले. अक्कांनी मान हलवली. "उप्पु नीरु, मेडम," एवढंच म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या. उप्पु नीरु, म्हणजे खारं पाणी. इथे बोअरच्या पाण्याला सगळे तेच म्हणतात. मिरजेकडे आम्ही मचूळ म्हणू. मला ती सबब वाटली. नळाचं पाणी तर स्वच्छ दिसत होतं. त्यातून काळे पापुद्रे कुठून येणार?

महादेवपुरा 2007 साली बेंगळुरू महापालिकेत आला, आजूबाजूच्या शंभराहून अधिक गावांसह. इमारती भराभर उठल्या; कावेरीचं पाणी मात्र मागेच राहिलं. आम्ही राहायला आलो तेव्हापासून बोअर आणि टँकर, हेच आमचं पाणी. 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटले आणि टँकरसाठी हाणामारीची वेळ आली. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं, आणि काही महिन्यांनी आमच्या टाकीतही कावेरी मिसळू लागली. डाळ लवकर शिजू लागली, केस मऊ झाले. आणि पाणी सुधारल्यावर कपड्यांवर हे काळं सुरू झालं. म्हणून तर मला पाण्याचा संशयच आला नाही.

शेवटी एक पापुद्रा बोटांत चोळून पाहिला. रबराचा तुकडा असता तर ताणला गेला असता, गंजाचा असता तर तांबूस आणि कडक लागला असता. हा बुळबुळीत होता, बोटावर काळसर तेलकट डाग ठेवून गेला, आणि त्याला ओल्या फडक्याचा कुबट वास होता. म्हणजे पायपुसण्याची माती नव्हे. हा मशीनचाच मळ होता.

वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये खरं तर एकात एक दोन पिंपं असतात. आपल्याला दिसतं ते आतलं, भोकाभोकांचं, चकचकीत स्टीलचं. त्याच्याबाहेर पाणी धरून ठेवणारं प्लॅस्टिकचं पिंप असतं, आणि दोघांच्या मधली चिंचोळी जागा आपण कधीच पाहत नाही. धुण्याचं पाणी प्रत्येक वेळी तिथेही फिरतं. अंगाचं तेल, कपड्यांचा तंतू, न विरघळलेली पावडर, सुगंधासाठी ओतलेलं कंडिशनर, सगळं तिथे चिकटतं. खाऱ्या पाण्यातला चुना त्याला घट्ट धरतो. गार पाण्यात तेल वितळत नाही, झाकण बंद असल्याने ओल सुकत नाही, आणि मग त्या रापावर बुरशी आणि जिवाणू वाढतात. काळा रंग मुख्यतः त्या बुरशीचा. थर जाड झाला की सुटा होऊन तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतो.

अक्कांचं खारं पाणी इथे येतं. खाऱ्या पाण्यातला चुना डिटर्जंटचा काही भाग स्वतःच खाऊन टाकतो, फेस येत नाही. म्हणून मी एका मापाऐवजी दोन मापं पावडर टाकायला शिकले होते, अक्कांनाही तेच शिकवलं होतं. कावेरी आली, तरी दोन मापं तशीच राहिली. गोड्या पाण्यात तेवढ्या पावडरचा भरमसाट फेस होतो, तो दोन खळबळ्यांत निघत नाही, आणि उरलेला साबण त्या थरावर बसतो. जुना थर खाऱ्या पाण्याने घातलेला, नवं खतपाणी माझ्या सवयीने.

रविवारी मशीन रिकामं केलं. आधी कडेची जाळीची पिशवी काढून धुतली. ती तंतूंनी गच्च होती. आमच्या मशीनला पाणी तापवायची सोय नाही, म्हणून पाण्याची पातळी सगळ्यात वर लावून गीझरचं पाणी बादलीबादलीने ओतलं. पंधरा लिटरचा गीझर दोनदा तापवला, बाकीचं नळाने भरू दिलं. पाणी हाताला चांगलं कढत हवं, पण उकळतं नको. आत प्लॅस्टिक आणि रबर आहे. त्यात दोनशे ग्रॅम धुण्याचा सोडा टाकला, पाच मिनिटं फिरवलं आणि मशीन थांबवून ठेवलं. बऱ्याच मशीनमध्ये फार वेळ थांबवलं की पाणी आपोआप सुटतं किंवा वीज बंद होते, म्हणून दर अर्ध्या तासाने जाऊन दोन मिनिटं फिरवत राहिले.

पहिल्या अर्ध्या तासात काहीच झालं नाही. दीड तासाने पाणी चहासारखं झालं आणि वर काळे पापुद्रे तरंगू लागले. ते तसंच सोडून देण्याचा मोह होतो, पण एवढे तुकडे एकदम गेले तर पाणी उपसणारा पंप तुंबू शकतो. मी जुनी चहाची गाळणी घेऊन ते काढत बसले. बाबा आले, वाकून पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून मोठी गाळणी घेऊन आले. "ही घे. चहाच्या गाळणीने काय होणार?" दोघांनी मिळून मूठभर गाळ काढला.

तीन तासांनी पाणी सोडलं आणि साध्या पाण्याने दोनदा खळबळलं. हे खळबळणं टाळता येत नाही, कारण पुढची पायरी आम्लाची असते आणि उरलेला सोडा ते आम्ल वाया घालवतो. पुन्हा गरम पाणी, आणि या वेळी दोनशे ग्रॅम लिंबूसत. सोडा तेल आणि मळ सोडवतो, लिंबूसत चुना. दुधाच्या कारखान्यांत नळ्या धुतात त्याही याच क्रमाने, आधी अल्कली मग आम्ल. लिंबूसत मी तासभरच ठेवलं. सोडा किंवा आम्ल रात्रभर ठेवू नये. पिंपाच्या मागे काही मशीनमध्ये ॲल्युमिनियमचा आधार असतो, त्याला ते खातं.

शेजारच्या ताईंनी दाराशी येऊन सुचवलं, "त्यातच ब्लीच ओता, एकदम लख्ख होईल." ही एक गोष्ट मात्र करायची नाही. ब्लीच आणि लिंबूसत किंवा व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि धुण्याच्या कोंदट जागेत तो छातीत जातो. ब्लीच वापरायचंच तर वेगळ्या दिवशी, एकटं, गार पाण्यात.

संध्याकाळी जुना पांढरा टॉवेल एकटाच धुऊन पाहिला. अकरा ठिपके होते. आधीपेक्षा कमी, पण होते. दुसऱ्या धुण्यातही पाच सापडले. इथे बरेच जण हार मानतात किंवा आणखी पावडर टाकतात. सुटा झालेला थर दोन-तीन धुण्यांपर्यंत येत राहतो. त्यानंतरही येत असेल तर तो कुठेतरी अजून धरून बसला आहे.

तो कुठे असेल, हे पाहायला बुधवारी मी मशीनचं प्लग काढून तळाची फिरणारी चकती उघडली. मध्यावरचं टोपण काढलं की एक स्क्रू असतो. तो सोडवून, भोकात तारेचा आकडा घालून चकती सरळ वर ओढायची. ती साबणाने धरलेली असते, पटकन येत नाही. आली तेव्हा खाली बोटभर काळा चिखल होता, दोन हेअरपिना, एक रुपया आणि बाबांच्या सदऱ्याचं हरवलेलं बटण. दात घासायच्या जुन्या ब्रशने तो खरवडून काढला. त्यापुढे, दोन पिंपांच्या मधल्या वरच्या भागात, आपला हात पोचत नाही. तिथला थर सोडा-लिंबूसताच्या दोन फेऱ्यांनीही हटला नाही, तर आतलं पिंप बाहेर काढणारा मेकॅनिकच लागतो. आमचा हटला. शनिवारी टॉवेल पांढरा निघाला.

आता पावडर एक माप, तीही आधी मगभर पाण्यात विरघळवून. कंडिशनर बंद. धुणं झालं की झाकण उघडं, जाळी दर आठवड्याला, आणि महिन्यातून एकदा लिंबूसत. टँकर आला की फेस कमी होतो, तेव्हा थोडी वाढवायची, आणि कावेरी आली की आठवणीने कमी करायची. हे आठवणं मला जड जातं. अक्कांना जात नाही. त्या नळाखाली हात धरून दोन बोटं चोळतात आणि सांगतात, आज कुठलं पाणी आहे.

त्यांना सोमवारी मी तो रुपया, हेअरपिना आणि बाटलीत जपून ठेवलेला काळा गाळ दाखवला. "तप्पु नंदे, अक्का," म्हटलं. चूक माझीच. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, नाक मुरडलं. "इरली बिडि," म्हणाल्या, असू दे. मग जाताना दाराशी थांबून, पायपुसणी त्या पहिल्यापासून हातानेच धुतात, हेही सांगून गेल्या.

बाबांचा सदरा त्याच दिवशी पुन्हा मशीनमध्ये गेला. त्यांनीच टाकला.