आई, माझी गन नर्फ झाली!

भाचा कॉम्प्युटरसमोर ओरडतो, ‘नर्फ केली यार!’ ताईला वाटतं, गेम बिघडला. बिघडत काही नाही हो! नर्फ हा अमेरिकेतल्या फोमच्या खेळण्यांचा ब्रँड. त्या बंदुकीतून सुटते ती फोमची मऊ गोळी. म्हणूनच गेमवाल्या कंपनीने अपडेटमध्ये एखादं शस्त्र कमजोर केलं, की पोरं म्हणतात, ‘नर्फ झालं’.

आकडा छोटा, झटका मोठा. समजा, समोरच्याची हेल्थ १०० आणि तुमच्या गोळीचा डॅमेज ५०. दोन गोळ्यांत खेळ खल्लास! डॅमेज ४५ केला, की तिसरी गोळी लागते. तेवढ्यात समोरचा तुम्हालाच उडवतो.

आणि ‘ग्राइंड’ म्हणजे तेच मिशन पुन्हा पुन्हा खेळून पॉइंट्स जमवणं. भाच्याने ही गन मिळवायला दोन आठवडे ग्राइंड केलं होतं. ताईला म्हटलं, ‘अगं, तो हरला म्हणून नाही, मेहनत वाया गेली म्हणून चिडलाय. पण ग्राइंड नको म्हणून गन विकत मागितली, तर आधी विचार कर. पैसे मोजून घेतलेली गनही उद्या नर्फ होऊ शकते!’