वहीची मागची पानं

माझी आई हिशेबाची वही उलटी धरून मागच्या बाजूनं लिहू लागली, तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. पुढच्या पानांवर दूध, गॅस, कामवालीचे खाडे. मागच्या पानांवर तारखा आणि त्यांच्यापुढे एक-दोन ओळी. आठ महिने ती हे लिहीत होती आणि कुणाला सांगत नव्हती. ती बडोद्यात एकटी राहते, मी हैदराबादेत. दर रविवारी आम्ही फोनवर बोलायचो आणि त्या बोलण्यात काहीच वावगं जाणवत नसे. जाणवणार कसं? फोनच्या आधी ती एका चिठोऱ्यावर मुद्दे लिहून ठेवी: पाऊस, शेजारच्या बेनचा गुडघा, नातवाची परीक्षा कशी झाली ते विचारणे. विचारून झालं की खूण.

दिवाळीत मी गेले होते. भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले आणि रात्री तिनं वही माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "अगं, तुला हे वाचायला द्यायचंय. मध्ये बोलू नकोस. सगळं वाच, मग विचार."

सुरुवातीच्या नोंदी कुणाच्याही वयाला शोभतील अशा होत्या. 'जायफळ हा शब्द आठवला नाही. संध्याकाळी आठवला.' 'मराठी शब्द येईना, गुजराती आला.' पन्नास वर्षं दोन भाषांत वावरलेल्या बाईला यात नवल नाही. भाषांतराचं काम करताना माझंही रोज हेच होतं, शब्द असतो, फक्त हाताला लागत नाही. पण पुढे नोंदींचा पोत बदलत गेला. 'सुमनला फोन केला. ती म्हणाली, सकाळीच केला होतास. मला सकाळचा फोन अजिबात आठवत नाही.' आणि आषाढातली ही: 'पुरणाच्या डाळीत गूळ आधीच घातला. डाळ शिजेना. का शिजेना हे कळायला पाऊण तास लागला.'

ज्यांनी पुरण शिजवलंय त्यांना या नोंदीचं वजन कळेल. हरभऱ्याची डाळ आधी नुसत्या पाण्यात बोटचेपी शिजवायची, कट काढून घ्यायचा आणि मग गूळ घालून आटवायचं. गूळ आधी पडला की डाळ टणकच राहते. आईनं हे शेकडो वेळा केलं होतं. तिचा शब्द चुकला नव्हता, क्रम चुकला होता. आणि चूक समोर शिजत असताना तिचं कारण शोधायलाही तिला पाऊण तास लागला होता. या दोन गोष्टींतला फरक तिनं स्वतःच ओळखला होता. शब्दांच्या नोंदींपुढे तिनं काही केलं नव्हतं, या दोन नोंदींपुढे मात्र लाल फुली होती.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू 'वय झालं, होतं असं' म्हणाली असतीस, मलाही ते ऐकायचंच होतं. म्हणून आधी लिहून काढलं. शाळेत मुलाची तक्रार करायची तर आधी पुरावा लागायचा ना."

हैदराबादेत मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्याशी वेगळं बोलून घेतलं आणि माझ्याशीही वेगळं, कारण जे स्वतःला दिसतं आणि जे घरच्यांना दिसतं, ते दोन्ही त्यांना हवं होतं. मग पाच शब्दांची चाचणी झाली. शब्द ऐकवायचे, दोनदा म्हणवून घ्यायचे, दुसरी कामं द्यायची आणि पाचेक मिनिटांनी परत विचारायचे. मॉन्ट्रियलच्या मूळ इंग्रजी चाचणीत या पाचांत मखमल, चर्च आणि डेझीचं फूल आहे. बडोद्यातल्या निवृत्त शिक्षिकेला डेझी विचारली आणि तिला ती आठवली नाही, तर दोष स्मरणाचा की फुलाचा? म्हणून अशी चाचणी दुसऱ्या भाषेत नेताना नुसता प्रतिशब्द चालत नाही, तिथल्या माणसाला तितकाच सवयीचा शब्द शोधावा लागतो. डॉक्टरांकडे मराठी यादी होती, ती वाचायला त्यांनी मला बसवलं.

आईला दोन शब्द आठवले. मग डॉक्टरांनी इशारे दिले: एक रंग होता, एक फूल होतं. इशाऱ्यावर आणखी एक आला. उरलेले दोन तीन पर्यायांतून ओळखायला सांगितले, तेही तिला ओळखता आले नाहीत. मला त्या खोलीत सगळ्यात जास्त हेच लागलं. इशाऱ्यानं शब्द येतो तेव्हा तो आत कुठेतरी असतो. ओळखूही येत नाही तेव्हा तो बहुधा आत ठेवलाच गेलेला नसतो. सुमनमावशीचा सकाळचा फोन असाच होता.

रक्तात बी-बारा बरंच कमी निघालं. शाकाहार आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं मेटफॉर्मिन, दोन्हींमुळे ते कमी होतं, आणि त्यानं स्मरणावरही परिणाम होतो. इंजेक्शनं सुरू झाली. सर्दीसाठी रात्री घ्यायची ती गुंगीची गोळी बंद झाली. तीन महिन्यांनी ती जास्त ताजीतवानी दिसत होती, पण पाच शब्दांचं गणित फारसं हललं नाही. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं नाही. म्हणाले, ही अलीकडची पायरी आहे. काही जण इथेच थांबतात, काही मागे येतात, काही पुढे जातात. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

मी तिला एक अभ्यास सांगितला, थोडा धीर द्यायला. २०१३ साली हैदराबादेतल्याच डॉक्टर सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, अक्षरओळख नसलेल्यांतसुद्धा. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझी साडेचार वर्षं वापरून झाली का?"

यावर सरळ उत्तर नव्हतं. तो दोन गटांच्या सरासरीतला फरक आहे, प्रत्येकाच्या खात्यात जमा असलेली रक्कम नव्हे. शिवाय ते सगळे दवाखान्यापर्यंत पोचलेले रुग्ण होते, आणि दुसरीकडच्या सगळ्याच अभ्यासांत असा फरक सापडलेला नाही. मी हे सांगितल्यावर तिला उलट बरं वाटलं. "मग मोजत बसायला नको," ती म्हणाली.

त्याऐवजी तिनं दुसरं मोजलं. वकिलांना विचारून आली होती, मला न सांगता. आपल्याकडचं साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज शाबूत असेतोवरच चालतं. समज गेली की तेही संपतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. मृत्युपत्रही शुद्धीत असतानाच करावं लागतं. म्हणून बँकेचं खातं माझ्याबरोबर जोडखातं झालं, मृत्युपत्राची नोंदणी झाली आणि साक्षीदारांत एक डॉक्टर होते. घराचं काय करायचं हे तिनं स्वतःच्या अक्षरात, दोन्ही मुलांसमोर लिहिलं. दादाला हे सगळं घाईचं वाटलं. ती त्याला म्हणाली, "सही करताना मला कळायला हवं ना, कशावर करतेय ते."

माझ्याकडे तिनं एकच गोष्ट मागितली. पुढे कधी मी समोर आले आणि ती गोंधळलेली दिसली, तर 'ओळखलंस का?' असं विचारायचं नाही. ती परीक्षा तिला नको आहे. आत आल्याबरोबर आपणच नाव सांगायचं, कुणाची कोण तेही सांगायचं, आणि चहा टाकायचा.