सोळावा रकाना

एप्रिल उजाडला की आमच्या शाखेत ठेवीदारांची रीघ लागायची. व्याजावरचा कर कापू नये म्हणून १५जी किंवा १५एच भरून द्यायचा असे. काउंटरखालून अख्खा कागद आत यायचा, त्याला ठेवपावती टाचलेली आणि एका रकान्यावर बोट ठेवलेलं. "इथं काय लिहू, साहेब?" वरचं नाव, जन्मतारीख, आधी लिहिलेले आकडे एका नजरेत दिसायचे. मी पेन्सिलीनं पुसट आकडा लिहून द्यायचो आणि आजी त्यावरून पेन फिरवायच्या. ते काम मला मनापासून आवडायचं.

पुढे नात्यागोत्यातून फोनवर निरोप येऊ लागला, "काका, सोळाव्या रकान्यात व्याज लिहू की एकूण उत्पन्न?" सोबतचा फोटो उघडायचा नाही. मागच्या वर्षीचा निरोप शोधला तर फोटो कधीच पुसला गेलेला असायचा, प्रश्न तेवढा शिल्लक.

आणि नेमका हाच प्रश्न कागदाशिवाय अडायचा. ऑक्टोबर २०१५ पासून मार्च २०२६ पर्यंत चाललेल्या नमुन्यांत, साठीच्या आतल्यांच्या १५जीमध्ये सोळावा रकाना त्या बँकेतल्या व्याजाचा होता आणि सतरावा एकूण उत्पन्नाचा. साठी ओलांडलेल्यांच्या १५एचमध्ये मात्र व्याज पंधराव्यात जायचं आणि सोळाव्यात एकूण उत्पन्न. क्रमांक एकच, उत्तरं दोन.

म्हणून मी आधी वय विचारायचो, मग रकान्यातले छापील शब्द मोठ्यानं वाचायला सांगायचो. त्यात आधीच्या रकान्याचा क्रमांक घालून 'ते उत्पन्न ज्यात धरायचं' अशा अर्थाचा मजकूर असला, तर तिथं एकूण उत्पन्नच हवं असे.

समजा, अडुसष्ट वर्षांच्या बाईंना या बँकेत ६०,००० रुपये व्याज मिळणार आहे, दुसऱ्या बँकेत १,४०,००० आणि बाकी काही नाही. दुसरीकडे त्यांनी फॉर्म आधीच दिला आहे. १५एचच्या पंधराव्यात ६०,०००, सोळाव्यात २,००,०००. सतराव्यात इतरत्र दिलेल्या फॉर्मची संख्या १ आणि रक्कम १,४०,०००. सोळाव्यात चुकून ६०,००० पडले, तर खालच्याच ओळीतले १,४०,००० त्याहून मोठे निघतात आणि घोटाळा उघड होतो. उलट चूक शेवटच्या तक्त्यात सापडायची. तिथं ठेवीचा तपशील आणि व्याज लिहिलेलं असायचं, त्या व्याजाची बेरीज वरच्या व्याजाच्या रकान्याशी जुळायलाच हवी असे.

पूर्वी ही पडताळणी डोळ्यांनी आपोआप व्हायची, नंतर ती विचारून विचारून करावी लागायची. विचारणारा पुन्हा फोनवर सापडला नाही, तर मी नुसता आकडा कधीच पाठवत नसे. फॉर्मचं नाव जोडून दोन्ही उत्तरं लिहायचो: १५जी असेल तर सोळाव्यात फक्त इथलं व्याज, १५एच असेल तर सगळं उत्पन्न.