फोटोतलं तिकीट

मोखाड्याच्या बोहाड्याला तिकीट नसतं. रात्री सोंगं निघतात आणि माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहतात. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांच्या हाती छापील तिकीट पहिल्यांदा येतं ते मुंबईतल्या मॅचचं किंवा एखाद्या मोठ्या संगीत महोत्सवाचं, आणि तेही आधी व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो म्हणून. जव्हारहून विक्रमगड-मनोरमार्गे मुंबईला जाऊन तिकीट हातात घेऊन बघणं सगळ्यांना परवडत नाही. मी छपाईच्या धंद्यात वाढलो आणि आता संशयास्पद छापील कागद तपासतो. म्हणून हे फोटो माझ्याकडे येतात आणि सोबत एकच प्रश्न असतो: "दादा, खरं आहे का?"

माझं पहिलं उत्तर नेहमी सारखंच असतं. फोटोवरून तिकीट खोटं आहे एवढं पुष्कळदा ठामपणे सांगता येतं, पण खरं आहे असं कधीच सांगता येत नाही.

२०२३ च्या विश्वचषकाचं उदाहरण घेतो. त्या स्पर्धेत ई-तिकीट चालत नव्हतं, कागदी तिकीट हातात असल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. १५ नोव्हेंबरला वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना होता. त्याच्या आधी मोखाड्याच्या एका तरुणाला दोन तिकिटं देऊ केली गेली. आसनं शेजारशेजारची होती आणि भाव छापील किमतीच्या कित्येक पट होता. त्याने विकणाऱ्याकडून आलेले दोन फोटो मला पाठवले.

फोटो आला की आधी मी तिकिटाकडे नव्हे, फोटोकडेच बघतो. व्हॉट्सअ‍ॅपने साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलांवर येतो. तिकीट २० सेंटिमीटर लांब असेल आणि सगळी चौकट व्यापत असेल, तर एका मिलिमीटरला आठच पिक्सेल मिळतात. सूक्ष्म अक्षरं, म्हणजे डोळ्यांना बारीक रेघ वाटते पण भिंगाखाली ओळ वाचता येते ती, पाव मिलिमीटरच्या आसपास उंच असतात. म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला दोन पिक्सेल. दोन पिक्सेलांत अक्षर मावत नाही. अशा फोटोत रेघ अस्पष्ट दिसली म्हणून तिकीट नकली ठरवणारे लोक मला भेटतात, पण तो दोष कागदाचा नसून फोटोचा असतो. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून त्याच तिकिटाला मिलिमीटरमागे वीस पिक्सेल मिळतात. तेही काठावरचंच. लेन्सपुढे घड्याळजीचं भिंग धरून फक्त त्या रेघेचा फोटो काढला, तर काम भागतं.

भिंगातून काय दिसायला हवं? ऑफसेटवर एकाच खास शाईत छापलेलं अक्षर भरीव असतं, त्याच्या कडा स्वच्छ असतात. ते स्कॅन करून रंगीत प्रिंटरवर काढलं, की तोच रंग निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांतून जुळवावा लागतो आणि पाव मिलिमीटरचं अक्षर त्या ठिपक्यांत विरघळतं. रेघ उरते, ओळ उरत नाही. ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण साध्या यंत्रावर ती सुधारता येत नाही.

त्या तरुणाला मी विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागवायला सांगितल्या: मूळ आकारातले फोटो, तिकिटाशेजारी झेरॉक्सचा कोरा कागद ठेवून काढलेला एक फोटो आणि चकाकत्या पट्टीचे दोन फोटो, दिव्याची जागा बदलून.

कोऱ्या कागदाचं कारण साधं आहे. कॅमेरा पांढरा रंग आपल्या मनाने ठरवतो, म्हणून एकट्या तिकिटाच्या फोटोवरून कागदाबद्दल बोलणं व्यर्थ. झेरॉक्सच्या कागदात चमक आणणारं रसायन असतं, त्याने तो उजेडात किंचित निळसर दिसतो. त्याच्या शेजारी तिकिटाचा पांढरा भाग तंतोतंत तसाच निळसर दिसला तर संशय घ्यावा. संशयच, पुरावा नव्हे. कागदाबद्दल फोटो याहून फारसं सांगत नाही. जाडी, कडकपणा आणि थर्मल कागदावर नखाने ओढल्यावर उठणारी काळी रेघ हे सगळं हातातच कळतं.

पट्टीचं तसं नाही. होलोग्रामच्या पट्टीत शाईचा रंग नसतो. अतिसूक्ष्म खाचांवरून परतणारा प्रकाश रंगांत फुटतो आणि दिवा हलला की रंगही जागा बदलतात. म्हणून पट्टीचा एकच फोटो माझ्या लेखी निरुपयोगी आहे. आलेल्या दोन फोटोंत तिकिटाच्या घडीची सावली एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली होती. दिवा खरंच हलवला होता. पण पट्टीतला हिरवा भाग दोन्ही फोटोंत त्याच अक्षराखाली होता. ते रंग छापलेले होते.

एवढ्यावर काम संपलं असतं. तरी मी बारकोड बघितलाच, कारण तिथे नुसत्या डोळ्यांवर विसंबावं लागत नाही. थर्मल यंत्राचा छपाईचा माथा बहुधा मिलिमीटरला आठ किंवा बारा ठिपके देतो, त्यामुळे मोठा करून पाहिल्यावर पट्ट्यांच्या कडा सरळ आणि काळा रंग एकसंध दिसतो. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या कोडात काळ्या पट्ट्या फुगतात, मधल्या फटी अरुंद होतात आणि कडेला रंगीत ठिपके दिसतात. दबलेल्या फोटोतही कडेला करडी धूळ उठते, म्हणून मी आधी शेजारची मोठी अक्षरं बघतो. तीच धूळ त्यांच्याभोवतीही असेल, तर ती फोटो दाबल्याने आलेली आहे.

मग फोनमधल्या साध्या अ‍ॅपने दोन्ही कोड वाचले. खाली छापलेले आकडे वेगवेगळे होते, आसनंही वेगळी होती, पण दोन्ही पट्ट्यांतून निघालेला क्रमांक एकच होता. एका तिकिटाचं चित्र घेऊन त्यावरचे दिसणारे आकडे बदलले होते, न दिसणारा बदलायचा राहिला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, भारत-पाकिस्तान सामन्याआधी, अहमदाबाद पोलिसांनी चौघांना पकडलं. त्यांनीही एक खरं तिकीट स्कॅन करून रंगीत नकला काढल्या होत्या. मूळ एकच असलं की असा मेळ कुठेतरी चुकतोच, आणि खरेदीदाराने दोन तिकिटांचे फोटो शेजारी ठेवले तरच ते लक्षात येतं. तरुणाने पैसे दिले नाहीत.

याउलट, कोड वाचला गेला म्हणून तिकीट खरं, हा समज मी दरवेळी खोडून काढतो. क्यूआर कोडमध्ये चूक सुधारण्याची सोय असते. सर्वांत वरच्या पातळीवर त्याचा जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. भिकार नक्कलही यंत्र आनंदाने वाचतं. कोडमध्ये बहुधा नुसता क्रमांक असतो. तो विकला गेला आहे का, आज आधी कुणी आत गेलं आहे का, हे प्रवेशद्वारावरची यादीच सांगते. एकाच क्रमांकाची दहा तिकिटं असली तर सर्वांत आधी पोचणारा आत जातो, मग त्याच्या हातात नक्कल का असेना, आणि खरं तिकीट घेऊन मागून येणारा दारातून परत फिरतो.

म्हणून कुणी माझ्याकडे फोटो पाठवला की मी आधी एक विचारतो: विकणाऱ्याने कोड उघडा ठेवूनच फोटो पाठवला होता का? तसं असेल, तर कागद, अक्षरं, पट्टी सगळं निर्दोष निघालं तरी मी ते तिकीट घ्यायला सांगत नाही. तो फोटो आणखी किती जणांकडे गेला आहे, हे त्यातून कुणालाच कळत नाही.