लेहमधलं उकडलेलं अंडं

लेहला पोस्टिंग असताना आमच्या डिटॅचमेंटच्या खोलीत एक जुना मायक्रोवेव्ह होता. आधीच्या तुकडीने मागे ठेवलेला. सकाळी लंगरमधून उकडलेली अंडी यायची, पण ड्युटी बदलून पोरं परत येईपर्यंत ती दगडासारखी गार झालेली असायची. जानेवारीतली गोष्ट. आमच्यातला सर्वात लहान सिपाही, सातारकडचा पोरगा, रात्रपाळी करून आला आणि म्हणाला, "उस्ताद, अंडी पार बर्फ झाली ओ." मी बूट काढता काढता सांगितलं, "टाक की मायक्रोवेव्हमध्ये, मिनिटात गरम होतील."

सोललेलं अख्खं अंडं त्याने मिनिटभर फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा काहीच झालेलं नव्हतं. हाताला तर ते जेमतेम कोमट लागत होतं. त्याने घास घेतला आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. ओठ, जीभ आणि गाल भाजले. बलकाचा एक तुकडा डोळ्याच्या खाली चिकटला. बोटभर वर गेला असता तर? एम.आय. रूमपर्यंत त्याला नेताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. डॉक्टरसाहेबांनी डोळा तपासून ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

अंडं आत असताना का फुटलं नाही, दातांखालीच का फुटलं, हे कोडं मला सुटेना. नंतर वाचून आणि विचारून उलगडलं ते असं. मायक्रोवेव्ह अंड्याच्या आत शिरून थेट पाण्याला तापवतो. उकडलेल्या बलकात पाण्याचे बारीक कप्पे घट्ट झालेल्या प्रथिनात कोंडलेले असतात. ते उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापतात, पण बुडबुडा व्हायला जागा नसल्यामुळे त्यांची वाफ होत नाही. दात किंवा काटा टोचला की एक कप्पा फुटतो, त्याच्या धक्क्याने शेजारचे फुटतात आणि सगळ्या पाण्याची एकदम वाफ होते. २०१७ मध्ये अमेरिकेत ध्वनिशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी शंभरेक अंडी अशी तापवून टोचली होती. त्यातली साधारण एक तृतीयांश बाहेर काढल्यावर फुटली. म्हणजे दहा वेळा काही झालं नाही, म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असं नाही. बाहेरून बघून ओळखता येत नाही, हाच खरा धोका.

त्यात लेहची उंची सुमारे साडेतीन हजार मीटर. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे पुण्यात जे तापमान उकळीच्या खाली असतं, ते तिथे वाफ व्हायला पुरेसं होतं.

कवचासकट कच्चं अंडं तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नका. कवचाला सुईने भोक पाडायची युक्ती काही जण सांगतात, पण बलकाचा पडदा तसाच राहतो. मग करायचं काय? अंडं वाटीत फोडायचं, बलकाला टूथपिकने तीन-चार ठिकाणी टोचायचं, वर बशी सैल ठेवायची. अर्ध्या पॉवरवर अर्धा मिनिट, बघायचं, मग लागेल तसे दहा-दहा सेकंद. नंतर मिनिटभर तसंच राहू द्यायचं. त्याहून बरी म्हणजे भुर्जी. दोन अंडी, दोन चमचे दूध आणि मीठ मगमध्ये चांगलं फेटून घ्या. तीस सेकंद, ढवळा, परत तीस सेकंद. थोडं ओलसर असतानाच काढा, बाहेर ते आपोआप शिजतं. बलक फेटून मोडला की कोंडलेली वाफ उरत नाही. आणि उकडलेलं अंडं गरम करायचंच असेल तर गरम पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवून ठेवा. त्याला मशीन कशाला?

त्या दिवसापासून मी अंडी लंगरकडून कच्ची मागवायला लागलो आणि खोलीतल्या कुकरमध्ये उकडायला लागलो. उंचीवर कुकरसारखा दोस्त नाही, कारण आतल्या दाबामुळे पाणी ८८ ला अडकत नाही, शंभराच्याही पुढे जातं. गारठलेली अंडी आधी खोलीत थोडी निवळू द्यायची. तळाशी एकाच थरात ठेवायची, अर्धी बुडतील एवढं पाणी, चिमूटभर मीठ. पुण्यात एक शिट्टी झाली की गॅस बंद. लेहला मी शिट्टीनंतर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं जास्त ठेवायचो. पण घाई करून शिट्टी उचलायची नाही. दाब अचानक उतरला की अंड्यातलं पाणी एकदम उकळतं, कवच तडकतं, पांढरं बाहेर येतं. दाब आपोआप उतरू द्यावा, मग अंडी लगेच गार पाण्यात टाकावीत.

सातारकर आता नायक झालाय. मध्यंतरी फोन आला होता. म्हणाला, "उस्ताद, अजून अंडं खाताना आधी सुरीने मधोमध कापून, तोंड लांब करून बघतो." मी म्हटलं, "मी पण."